दुबई सहल : हॉटेल बुकिंगचा फोटो नीट वाचा

नमस्कार मंडळी,

दुबईच्या हॉटेलच्या बुकिंगचा फोटो काल ग्रुपवर टाकला आहे. तो झूम करून अगदी तळापर्यंत वाचा. खालच्या बारीक ओळींतच खरी मेख आहे.

१. कोणाला रद्द करायचे असेल तर मला 18 डिसेंबरला रात्री 9 पर्यंत कळवा. फोटोत त्याच दिवसाची 23:59 ही वेळ आहे, पण ती दुबईची. आपल्याकडे तेव्हा 19 तारखेचे 1:29 वाजलेले असतील. त्यानंतर एका रात्रीचे भाडे कापले जाईल.

२. "Tourism Dirham" हा पर्यटन कर भरलेल्या रकमेत नाही. तो हॉटेलवरच द्यायचा : चार तारांकित हॉटेलला खोलीमागे रात्रीचे 15 दिरहॅम, म्हणजे आपल्या 4 रात्रींचे 60. माणशी नव्हे, खोलीमागे.

३. "Security deposit 500 AED" हा खर्च नाही. चेक-इनला हॉटेल तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवते आणि निघाल्यावर सोडते. डेबिट कार्ड दिलेत तर खात्यातलेच पैसे अडकतात, परत यायला बरेच दिवस लागू शकतात. म्हणून प्रत्येक खोलीत एकाकडे तरी परदेशात चालणारे क्रेडिट कार्ड हवेच. ते कोणाचे, हे रविवारपर्यंत ग्रुपवर लिहा. कार्डाचा नंबर मात्र टाकू नका.

फोटोत अक्षर पुसट दिसत असेल तर अंदाज करू नका, मला फोन करा. मूळ पीडीएफ माझ्याकडे आहे.