फिल्टर जर्मनचा की स्टीलचा, हे आधी सांगा

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला चिमणी साफ करण्याचा उपाय वाचला आणि राहवलं नाही. ‘उकळत्या पाण्यात कास्टिक सोडा टाकून फिल्टर रात्रभर बुडवून ठेवा.’ फिल्टर कशाचा, याबद्दल एक शब्द नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी अगदी हेच केलं होतं. आमच्या घरी फोडणी जवसाच्या तेलाची. ते हवेत सुकून वार्निशासारखं घट्ट बसतं, साध्या साबणाला दाद देत नाही. म्हणून टबात कास्टिकचं पाणी करून जाळीचा फिल्टर बुडवला. लगेच फसफस सुरू झाली, पाणी काळं पडलं. मला वाटलं, मेण सुटतंय. सकाळी जाळी उचलली तर बोटांतच चुरली. फिल्टर जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा होता.

कास्टिक तेलाचा साबण करतं, म्हणून मेण झपाट्याने सुटतं, हे खरं. पण अ‍ॅल्युमिनियमवर जो पातळ थर असतो तो कास्टिक आधी खातं आणि मग धातूच खाऊ लागतं. ते बुडबुडे मेणाचे नव्हते, हायड्रोजन वायूचे होते. तो पेट घेतो, आणि माझी शेगडी दोन हातांवर पेटलेली होती! आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

जाळीजाळीचा, हाताला हलका फिल्टर बहुधा जर्मनचा असतो. तिरप्या पट्ट्यांचा, जड असला तर बहुधा स्टीलचा. लोहचुंबक चिकटला तर स्टील नक्की. नाही चिकटला तरी जर्मनच असं समजू नये, काही स्टीललाही तो चिकटत नाही. शंका असेल तर जर्मनच धरून चालावं. त्याला हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास ठेवावं, मऊ ब्रशने घासावं आणि मेण उरलं तर पुन्हा तेच करावं. धुण्याचा सोडाही नको, गरम पाण्यात त्यानेही जर्मन काळं पडतं. शेगडीच्या बर्नरचंही तसंच, बरेचदा त्याचा खालचा भाग जर्मनचा असतो.

स्टीलला कास्टिकचा क्लीनर चालतो, पण डब्यावर लिहिलाय तेवढाच वेळ, हातमोजे घालून, खिडकी उघडून. नंतर भरपूर पाण्याने धुवावं. संडासाचं अ‍ॅसिड किंवा ब्लीच मात्र स्टीलला लावू नये, बारीक खड्डे पडतात. आणि ही दोन्ही एकत्र तर कधीच करू नयेत, विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी, ही विनंती. आणि ती मुख्य अंकात द्यावी. आमच्या गावात अंक दुपारच्या एसटीने येतो आणि पुरवणी आठवड्याआड गायब असते. याबद्दल मी दोनदा कळवलं आहे.

आपली,
एक वाचक गृहिणी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ