अभिजितला, पुण्याच्या पत्त्यावर

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी न जेवता गेलास. फोन केला तर आपलं परत वाजेल, म्हणून लिहिते. कंपनीचं काही विचारणार नाही, हे आधीच सांगते.

दूध तापवून झालं की मी तुझ्या अमेरिकेच्या व्हिसाची ती साइट उघडते, ते तुला माहीतच आहे. AA00 ने सुरू होणारा अर्जाचा नंबर, पासपोर्टचा नंबर आणि आडनावाची पहिली पाच अक्षरं. आपलं PATIL नेमकं पाचांचंच, तेवढंच एक सोपं. रोज तोच शब्द, Refused. शनिवारी मात्र Case Last Updated पुढची तारीख बदललेली दिसली आणि मी पोळी तव्यावर टाकून माडीवर धावले. "नुसत्या तारखेवरून काही कळत नाही, आई," म्हणालास. पुढचं नको.

२०१९ च्या पुरात आपण असंच आयर्विन पुलाचं पाणी विचारत बसायचो. तिथे ४५ फुटांना धोका. पाणी ५७ च्या वर गेलं तरी आकडा हलत तरी होता, आणि शेवटी उतरला. इथे दिवाळी गेली, संक्रांत गेली, शब्द जागचा हलत नाही.

मुंबईच्या वकिलातीतून २२१(जी)ची चिठ्ठी घेऊन आलास, तेव्हा बाबांनी नकारच धरला होता. मग तू समजावलंस की कायद्याने त्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टी करता येतात, व्हिसा देणं किंवा नाकारणं. "थांबा, तपासतो" असं तिसरं काही नाही, म्हणून तपासात असलेला अर्जही नाकारल्यातच दिसतो आणि तपास पुरा झाला की त्याच अर्जावर व्हिसा मिळू शकतो. आता हे मी आत्यांना, भिशीतल्या बायकांना, सगळ्यांना सांगते. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "तिकडे नोकरी होती, मग व्हिसा कसा नव्हता?" मग मी सांगते, व्हिसा दारातून आत जायला लागतो, राहायची मुदत आय-९४ वर असते. मुदत होती, व्हिसा संपला होता. तिथेच राहिला असतास तर कुणी विचारलंही नसतं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आलास आणि दार लागलं. हे म्हटलं की तू चिडतोस. पण कंपनी तरी किती दिवस वाट बघणार रे?

बघ, विचारलंच.

चौकशीचा तो डीएस-५५३५ फॉर्म भरला ती रात्र मला फार आठवते. १५ वर्षांचे पत्ते, १५ वर्षांच्या नोकऱ्या, प्रत्येक परदेशवारी आणि तिचा खर्च कुणी केला तेसुद्धा. तू महिना-साल विचारत होतास आणि मी सांगत होते: विश्रामबागची खोली कधी सोडली, पुण्यातली ती गळकी जागा कधी घेतली. तिथे तुला कावीळ झाली होती आणि तू आम्हाला कळवलं नव्हतंस. बाबांना तेव्हाच कळलं, इतक्या वर्षांनी! भावंडांच्या जन्मतारखाही हव्या होत्या. नंदाची शाळेत लावलेली १ जून, खरी श्रावणातली. पासपोर्टवर आहे तीच लिही, असा हट्ट मी धरला. कागदाला कागद जुळला पाहिजे. ड्रोनच्या सेन्सरवर काम करतो म्हणून एवढी चौकशी, असं तू म्हणालास. मला त्यातलं कळत नाही. पण काचेपलीकडचा माणूस माझ्या मुलाच्या कामाबद्दल इतकं खोदून विचारतो, म्हणजे काम मोठंच असणार, असं मनात येऊन गेलं. भीतीही वाटली.

आता एक ऐक. तो मिरजेचा एजंट पैसे घेऊन फाइल हलवतो म्हणे. एक रुपया देऊ नकोस. अशी फाइल बाहेरून कुणी हलवू शकत नाही. वकिलातीची मेल आली तर मागितलेलं सगळं एकदमच पाठव, अर्धं आज अर्धं उद्या नको. पासपोर्ट जमा करा असा निरोप आला तरी, तो व्हिसा लागून हातात पडेपर्यंत तिकीट काढायचं नाही. मागच्या वेळी... असो. चाळिशीला आलेल्या मुलाला मी पाढे शिकवते आहे. माफ कर.

चिऊ रोज संध्याकाळी व्हिडिओवर येते, तिकडे तिची शाळेची तयारी चालू असते. काल विचारत होती, बाबा आज्जीकडे नाही का. कामाला गेलाय म्हटलं. मुक्ता मागे डबा भरत होती, काही बोलली नाही. दमलेली दिसते. तिला तू रोज फोन करतोस ना? तिचं भडंग नंदाकडे दिलंय, तिच्या ऑफिसातलं कुणीतरी जाणार आहे.

माडीवर तुझं टेबल तसंच आहे. रात्री तिकडच्या मीटिंगा तिथूनच कर, पंखा बाबांनी दुरुस्त करून घेतला. तू नसलास की ते सांगत नाहीत, पण दोनदा जिना चढून जातात. शुक्रवारी ये. मी साइट उघडेन, पण तुला सांगणार नाही.

आणि कंपनीने मुदत वाढवून दिली का, एवढं एका ओळीत कळव. बाबा विचारत होते.

तुझी,
आई