सातवा ब्रँड कुणासाठी? स्पर्धा-कायद्याचे खाते सांभाळणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या बाजारात एकाच कंपनीचे दहा-बारा ब्रँड असले, तर ग्राहकाला भरपूर निवड आहे आणि म्हणून तिथे स्पर्धाही आहे, असे तपास यंत्रणा बहुधा धरून चालतात. मी बरीच वर्षे एका मोठ्या कंपनीत नवे ब्रँड आखण्याचे काम केले, आणि त्या अनुभवावरून मला हे गृहीतक तपासून पाहावेसे वाटते. काही ब्रँड ग्राहकाने विकत घ्यावेत म्हणून काढले जातात, तर काही दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागा उरू नये म्हणून. दुकानात हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, मात्र हिशेबाच्या वहीत त्यांच्यातला फरक उघड होतो.

एक साधे उदाहरण घेऊ. ग्राहकांच्या आवडी एका वर्तुळावर पसरलेल्या आहेत, त्यावर १,२०० ग्राहक सारख्या अंतराने उभे आहेत आणि प्रत्येक जण आपल्या आवडीला सर्वांत जवळ असलेला ब्रँड वर्षातून एकदा घेतो, असे समजू. प्रत्येक विक्रीमागे १० रुपये सुटतात. ब्रँड चालवायचा म्हणजे जाहिरात, वेष्टन आणि वितरण यांवर वर्षाला १,००० रुपये खर्च येतो, मग तो कितीही खपो. जुन्या कंपनीने या वर्तुळावर तीनच ब्रँड ठेवले, तर तिला १२,००० रुपये मिळतात आणि खर्च जाऊन ९,००० उरतात. पण दोन ब्रँडमध्ये ४०० ग्राहकांची फट राहते. नवा उत्पादक त्या फटीच्या मधोमध उभा राहिला, तर दोन्ही बाजूंचे निम्मे-निम्मे, म्हणजे २०० ग्राहक त्याच्याकडे येतात. त्याला २,००० रुपये मिळतात आणि खर्च भागून १,००० उरतात. अर्थातच तो येईल.

आता त्याच कंपनीचे सात ब्रँड आहेत असे समजा. फट सुमारे १७१ ग्राहकांची होते आणि नव्या उत्पादकाच्या वाट्याला जेमतेम ८६ येतात. त्याची मिळकत ८६० आणि खर्च १,०००, तेव्हा तो येणार नाही. आल्यावर किमती उतरतील हे धरले, तर त्याचे गणित आणखी बिघडते. इकडे जुन्या कंपनीचा प्रत्येक ब्रँड सुमारे १,७१४ रुपये मिळवतो आणि सातही ब्रँडचा खर्च वजा जाता तिच्याकडे ५,००० उरतात. प्रत्येक ब्रँड खर्चाच्या पावणेदोन पट कमावतो आहे, तरीही नव्या माणसाला फायद्याची एकही जागा नाही. घसघशीत नफा दिसला की नवे उत्पादक आपोआप येतात, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे लागू पडत नाही, कारण आत बसलेल्याला पूर्ण फटीचे ग्राहक मिळतात आणि बाहेरून येणाऱ्याला अर्ध्याच.

या उदाहरणात सातव्या ब्रँडने एकही नवा ग्राहक आणलेला नाही. त्याने घरच्याच ब्रँडांचे ग्राहक खाल्ले आणि वर १,००० रुपयांचा खर्च वाढवला. बाहेरून कुणी येण्याची भीती नसती, तर तो काढण्याला काही अर्थच नव्हता. हाच प्रश्न मी प्रत्यक्षात अनेकदा कागदावर पाहिला आहे. नव्या ब्रँडच्या प्रस्तावात 'हे ग्राहक कुठून येणार' असा एक तक्ता असतो. धुण्याच्या पावडरीच्या एका प्रस्तावात त्या तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा आमच्याच दोन ब्रँडांसमोर होता. कुणीतरी त्यावर बोट ठेवल्यावर उत्तर मिळाले, "आपण नाही भरली तर दुसरा कुणी भरेल." बैठक तिथेच संपली.

हा वाद नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ मध्ये तयार न्याहारी-धान्य बनवणाऱ्या केलॉग, जनरल मिल्स, जनरल फूड्स आणि क्वेकर ओट्स या चार कंपन्यांवर तक्रार दाखल केली. ब्रँडांची गर्दी करून नव्यांचा मार्ग अडवणे आणि दुकानातल्या फळ्यांची जागा आपल्या हाती ठेवणे हे त्यातले प्रमुख आरोप होते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड श्मालेन्सी यांनी १९७८ मध्ये याच उद्योगावर लिहिताना वरच्यासारखाच तर्क मांडला. ब्रँडची जागा एकदा ठरली की ती बदलणे महाग असते, आणि म्हणून फटी आधीच भरून ठेवणाऱ्याची पकड टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. क्वेकरला त्याच वर्षी वगळण्यात आले, १९८१ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी उरलेली तक्रार फेटाळली आणि १९८२ च्या सुरुवातीला आयोगाने प्रकरण संपवले. माझ्या मते तक्रारीची अडचण बरीचशी तिच्या आकारात होती. अनेक कंपन्यांनी मिळून एकाधिकार चालवला असे म्हणायचे, पण त्यांच्यात संगनमत झाल्याचे दाखवायचे नाही, हे ओझे तर्काला पेलणारे नव्हते. एकाच प्रबळ कंपनीच्या बाबतीत ती अडचण येत नाही.

तरीही हा तर्क सर्वत्र लागू होतो असे मी म्हणणार नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ जड यांनी १९८५ मध्ये दाखवलेली मर्यादा महत्त्वाची आहे. समजा, नवा उत्पादक फटीत न शिरता सातांपैकी एका ब्रँडला खेटूनच उभा राहिला. तिथे किमती कोसळतात, शेजारच्या ब्रँडांचे ग्राहक त्या स्वस्ताईकडे सरकतात आणि जुन्या कंपनीलाच स्वतःच्या इतर ब्रँडांची झळ सोसावी लागते. मग भांडणात पडलेला तो एक ब्रँड मागे घेणेच तिला परवडते, आणि नव्या माणसाला हे ठाऊक असेल तर तो खुशाल येतो. तेव्हा ब्रँडची भिंत खरी किती पक्की आहे, हे तो मागे घेताना किती पैसे वाचतात यावर ठरते. खर्च बहुतांश आधीच्या जाहिरातीत बुडालेला असेल, तर ब्रँड बंद करून फारसे काही हाती लागत नाही आणि भिंत टिकते. तो दरवर्षी नव्याने करावा लागत असेल, तर भिंत डोळ्यांना वाटते त्याहून पोकळ असते. शिवाय संपूर्ण नवीच आवड निर्माण झाली, तर जुना नकाशाच निरुपयोगी होतो. १९७० च्या दशकात त्याच अमेरिकी बाजारात 'नैसर्गिक' धान्यांची लाट आली, ती मोठ्या कंपन्यांनी मोकळ्या सोडलेल्या भागातून.

म्हणून ब्रँडांच्या संख्येवर मर्यादा घालावी अशी मागणी मी करत नाही. ती मूर्खपणाची ठरेल, कारण नेमका उपयोगी ब्रँडही तिच्यात अडकेल. माझी विनंती तपासाच्या पद्धतीपुरती आहे. प्रबळ कंपनीविरुद्ध तक्रार आली, तर आपल्या यंत्रणेने ब्रँड मोजण्याऐवजी प्रत्येक नव्या ब्रँडचा तो ग्राहकांचा तक्ता मागवावा आणि ब्रँड बंद केल्यास किती खर्च वाचेल याचा हिशेबही मागवावा. हे दोन्ही कागद कंपनीकडे बहुधा आधीच तयार असतात. ज्या ब्रँडचे ग्राहक जवळजवळ सगळे घरचेच आहेत, ज्याचा खर्च परत येण्यासारखा नाही आणि जो एखाद्या प्रतिस्पर्ध्याच्या आगमनाची चाहूल लागल्यावर घाईने काढला गेला, त्याचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. तिला खुलासा करता आला, तर प्रश्न मिटला.

फळ्यांबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. अनेक मोठ्या दुकानांत कोणत्या ब्रँडला किती जागा द्यायची याचा आराखडा त्या वर्गातली सर्वांत मोठी कंपनीच दुकानदाराला 'सल्ला' म्हणून देते. सात ब्रँड असणाऱ्याने आखलेल्या फळीवर आठव्याला जागा कुठे मिळेल, हे वेगळे सांगायला नको. हे आराखडेही तपासाच्या कक्षेत आणावेत, ही विनंती.

आपला नम्र,
ब्रँड-आखणीच्या कामातून बाहेर पडलेला एक नागरिक