दान एका फळीचं: ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या लोकवर्गणीचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि दुसरा सुरू झाला आहे. पहिले आभार तुमचे. तुम्ही वर्गणी दिलीत ती दिलीतच, पण त्याआधी आमच्या आवाहनाचा मसुदा हातात घेऊन समोर बसलात आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलंत, "म्हणजे नक्की काय घेणार?" हे पत्र उघड लिहितो आहोत, कारण तुम्ही लावून दिलेला हिशेब पुढच्या प्रत्येक देणगीदारालाही कळायला हवा.

आवाहनात "पुस्तकं आणि फर्निचरसाठी" असं लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, देणाऱ्याला डोळ्यांसमोर वस्तू दिसली पाहिजे, आणि ती पूर्ण असली पाहिजे. पुस्तक घेतलं आणि ठेवायला जागा नाही, किंवा कपाट आलं आणि ते वर्षभर रिकामं, असं व्हायला नको. म्हणून तुम्ही देणगीचं माप ठरवलंत, एक फळी. आज आमच्या आवाहनात "एक फळी" असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यात फळी, तिच्यावरची पुस्तकं, ती पुस्तकं वाचकाच्या हातात जाण्यायोग्य करण्याचं सगळं सामान आणि पुढच्या दुरुस्तीची तरतूद, एवढं सगळं येतं.

आकडे तुमचेच आहेत, सगळ्यांसाठी पुन्हा मांडतो. आमची फळी नव्वद सेंटिमीटर लांब आहे. सर्वसाधारण जाडीची तीसेक पुस्तकं तिच्यावर बसतात, पण आम्ही बावीसच ठेवणार आहोत. जवळपास पाव फळी रिकामी का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं सूत्र सांगतं की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की विषयवार लावलेल्या पुस्तकांमध्ये नवं पुस्तक आलं तर ते त्याच्या जागी सरकवता आलं पाहिजे. फळी खच्चून भरली की एका पुस्तकासाठी पुढच्या चार फळ्या हलवाव्या लागतात. शिवाय घट्ट बसलेलं पुस्तक लोक वरच्या कडेला बोट अडकवून ओढतात आणि पाठीचं कापड तिथेच फाटतं. ती रिकामी जागासुद्धा देणगीतूनच विकत घेतलेली आहे, आणि ती तशीच राहणार आहे.

नव्वद सेंटिमीटरवर तुम्ही अडून बसलात, तेव्हा सुतारकाका थोडे नाराज झाले होते. लांब फळ्या केल्या तर उभे खांब कमी लागतात आणि खर्च वाचतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही त्यांना फळीच्या बाकाचं गणित समजावलंत. सगळीकडे सारखं वजन असेल तर लांबी दुप्पट केल्यावर मधला बाक सोळापट होतो. भरलेल्या फळीवर पंधरा-वीस किलो सहज येतात, आणि जाड कोश किंवा बांधलेले मासिकांचे अंक असतील तर त्याहून जास्त. मग तुम्ही फळीवर पुस्तकं भरून दोन टोकांना दोरी ताणायला लावलीत. नमुन्याच्या लांब फळीच्या मधोमध दोरी आणि लाकूड यांच्यात करंगळी जाईल एवढी फट दिसली. सुतारकाकांनी स्वतः वाकून ती फट पाहिली, आणि मग काहीच बोलले नाहीत. नव्वद सेंटिमीटरच्या फळीवर दोरी टेकलेलीच राहिली. आता प्रत्येक फळी ते याच दोरीने तपासून देतात.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, हेही तुमच्याच सांगण्यावरून. ओल भिंतीतून येते, आणि हवा खेळली नाही की पुस्तकांच्या मागच्या बाजूला बुरशी धरते. ती समोरून दिसतही नाही. मात्र भिंतीपासून सुटं ठेवलेलं उंच कपाट मूल चढलं तर कलंडू शकतं, म्हणून वरच्या बाजूला मध्ये ठोकळा घालून ते भिंतीला पक्कं जखडलं आहे. हे ठोकळे आणि पट्ट्याही फळीच्या खर्चात धरलेल्या आहेत.

आता पैशांचा भाग. एका फळीसाठी आलेल्या वर्गणीतले शंभरातले साठ हिस्से पुस्तकांना जातात, वीस फळीला आणि कपाटातल्या तिच्या वाट्याला. पाच हिस्से पुस्तक तयार करायला लागतात, बारा राखीव राहतात आणि तीन वर्गणी गोळा करणाऱ्या मंचाच्या आणि बँकेच्या शुल्कात जातात. शुल्काचे तीन हिस्से लपवू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. आम्ही ते आवाहनात सर्वांत वर छापले, आणि त्याबद्दल आजवर एकाही देणगीदाराने तक्रार केली नाही.

पुस्तक तयार करणं म्हणजे काय, हे अनेकांना नवीन होतं. दुकानातून आलेलं पुस्तक थेट फळीवर जात नाही. आधी दाखल नोंदवहीत त्याचा अनुक्रमांक पडतो, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत आणि ते कोणाकडून आलं, हे सगळं एका ओळीत. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आल्या तर तीन क्रमांक, कारण हरवते ती प्रत, पुस्तक नाही. तोच क्रमांक शीर्षकपानाच्या मागे आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर लिहितात, म्हणजे पहिली पानं फाटली तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. मग शिक्का, तारखेची चिठ्ठी, पाठीवर खालच्या बाजूला सगळ्यांच्या एकाच उंचीवर लेबल, आणि वरून पारदर्शक वेष्टण. चिकटपट्टीला तुम्ही दारातच मज्जाव केलात. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा-तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि पट्टी काढायला गेलं की अक्षरंही निघून येतात. म्हणून त्या पाच हिश्श्यांत पांढरा गोंद, ब्रश आणि दुरुस्तीचा पातळ कागद आहे.

राखीव बारा हिस्से म्हणजे बांधणी आणि बदली. जी पुस्तकं सर्वांत जास्त वाचली जातात तीच आधी खिळखिळी होतात, त्यामुळे वाचनालय चांगलं चाललं की हा खर्च वाढतो. मुलांच्या पुस्तकांना तो सर्वांत आधी येणार हे आम्हाला आत्ताच दिसतं आहे.

देणगीदारांच्या नावांच्या पाट्या फळ्यांवर लावाव्यात, असा समितीत सूर होता. तुम्ही त्याला ठाम नकार दिलात, कारण पुस्तकं वाढली की ती फळ्यांवरून पुढे सरकतात आणि पाटी एका जागी राहते. त्याऐवजी नोंदवहीतला "कोणाकडून" हा रकाना वापरा म्हणालात. 1885 साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या दैनिकातून वर्गणी मागितली, तेव्हा रक्कम कितीही लहान असली तरी देणाऱ्याचं नाव छापलं. लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. ही गोष्ट तुमच्याकडून ऐकली आणि आमचंही ठरलं. फळी देणाऱ्याला आम्ही बावीस दाखल क्रमांक पाठवतो. कुणी दोघा-चौघांत मिळून एक फळी दिली तर चौघांचीही नावं रकान्यात येतात.

पैसे मध्येच थांबले तर काय, हा तुमचा प्रश्न आम्हाला सर्वांत कठीण गेला. उत्तर असं ठरलं, की आधी सगळी कपाटं आणि मग पुस्तकं असं करायचं नाही. पाच फळ्यांचं एक कपाट पूर्ण भरलं की मगच दुसऱ्याला हात लावायचा. एका कपाटात एकशे दहा पुस्तकं, सहा कपाटांत सहाशे साठ. वर्गणी तिसऱ्या कपाटावर थांबली तरी तीनशे तीस पुस्तकांचं वाचनालय रोज उघडता येईल. ज्या वस्तूंचे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणजे वाचनाचं मोठं टेबल, बाकं आणि दिवे, त्या पहिल्या टप्प्यातच घेतल्या. दिवे खोलीच्या मध्यभागी न लावता कपाटांच्या मधल्या वाटांवर लावले आहेत, नाहीतर कपाटाचीच सावली पडून खालच्या दोन फळ्यांवरची नावं वाचता येत नाहीत.

आणि या वर्गणीतून कुणाचंही मानधन किंवा विजेचं बिल भरलं जाणार नाही. एकदाच येणाऱ्या पैशांवर दर महिन्याचा खर्च टांगला की ते पैसे संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात दाराला कुलूप लागतं, हे तुम्ही इतर ठिकाणी पाहिलेलं आहे. तो खर्च सभासदांच्या मासिक वर्गणीतून भागेल तेवढेच तास आम्ही वाचनालय उघडं ठेवू. सध्या ते संध्याकाळचे तीन तास आहेत.

जुन्या पुस्तकांच्या गोण्यांचं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, आणि आवाहन निघताच त्या आल्याच. आम्ही नम्रपणे सांगतो की अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं, जुनी परीक्षा मार्गदर्शकं आणि ओल लागलेली पुस्तकं घेता येत नाहीत. जी घेतो ती दोन आठवडे दुसऱ्या कोरड्या खोलीत वेगळी राहतात. पानं उघडून कुबट वास येतो का, शिवणीत राखाडी भुकटी किंवा बारीक कीड दिसते का, हे पाहिल्याशिवाय एकही प्रत फळीवर जात नाही. चांगल्या निघालेल्या प्रतीही "भेट" म्हणून वेगळ्या नोंदवल्या जातात. फळीच्या बावीस पुस्तकांत त्या मोजत नाही, कारण देणगीदाराने नव्या पुस्तकांचे पैसे दिलेले असतात.

ताई, मुलांच्या बुटक्या कपाटासाठीची यादी तयार आहे. चित्रांची पुस्तकं इतकी पातळ असतात की पाठीवरून ओळखू येत नाहीत, म्हणून तिथे वरच्या दोन फळ्या उतरत्या केल्या आहेत. पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून उभी राहतील, पण त्यामुळे बावीसऐवजी सात-आठच मावतात. या फळीच्या देणगीदाराला काय कळवायचं आणि उरलेली पुस्तकं कुठे ठेवायची, यावर समितीत दोन मतं आहेत. मागणी पाठवण्याआधी यादीवर आणि या प्रश्नावर तुमची नजर फिरावी, एवढी विनंती आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी सगळे हजर राहू.

आपले ऋणी,
वाचनालय समितीच्या वतीने,
चिटणीस