जाहिरातीतली किंमत आणि दारात पोचणारी किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत आकाशकंदील, पणत्या, उटणे, फराळ यांची गर्दी होते. यातले बहुतेक विक्रेते घरगुती किंवा बचत गटांचे असतात, आणि आता त्यांच्या जाहिरातीत फोन नंबरासोबत क्यूआर कोडही असतो. जाहिरातीत छापलेली किंमत एक आणि पैसे भरायच्या पानावर दिसणारी दुसरी, ही तक्रार मात्र दरवर्षी वाढते आहे. लहान उद्योगांसाठी जाहिरातींचा मजकूर लिहिणे हे आमचे रोजचे काम आहे. यात लबाडी असते तशी निव्वळ मजकुराची ढिलाईही असते, आणि ही ढिलाई दोन ओळींत दूर होते. ती कशी, हे एकाच उदाहरणातून सांगतो. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण घडते ते असेच.

जाहिरात अशी: ‘कापडी आकाशकंदील फक्त ४४९ रुपये. अटी लागू.’ ग्राहक कोड स्कॅन करतो, नाव-पत्ता भरतो. पुढच्या पानावर घरपोच खर्च ९० रुपये येतो, त्याखाली पॅकिंगचे ४०, आणि रोखीने पैसे द्यायचा पर्याय निवडला की आणखी ५०. एकूण ६२९. छापलेल्या किमतीपेक्षा १८० रुपये, म्हणजे चाळीस टक्के जास्त. काही जण इथेच ऑर्डर सोडून देतात. काही जण बेरीज न बघता पुढे जातात आणि पार्सल दारात आले की, ‘आम्ही तर ४४९ चा मागवला होता,’ असे म्हणून परत पाठवतात. परत गेलेल्या पार्सलचे जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे सहसा विक्रेत्याच्याच माथी बसते. त्यामुळे खर्च लपवून मिळवलेली ऑर्डर अनेकदा तोट्याचीच ठरते.

मजकूर लिहिण्याआधी हे तीन खर्च वेगवेगळे तपासायला हवेत, कारण तिघांचा स्वभाव वेगळा आहे. पॅकिंगचे ४० रुपये प्रत्येकाला द्यावेच लागतात. जो खर्च कोणालाच चुकत नाही तो किमतीचाच भाग आहे. त्याला वेगळी ओळ देण्याचे कारणच नाही. कंदिलाची किंमत ४८९ छापावी. घरपोच खर्च पत्त्यावर अवलंबून असतो, म्हणून तो वेगळा दाखवणे रास्त, पण आकड्यासह. रोखीचे ५० रुपये ग्राहकाच्या निवडीवर आहेत. तिथे रकमेबरोबर ती टाळायची कशी हेही सांगावे. मग जाहिरात अशी होते: ‘घडीचा कापडी आकाशकंदील, ४८९ रुपये, पॅकिंग व करासह. घरपोच खर्च, तोही करासह, महाराष्ट्रात ९०, बाहेर १३०. पार्सल मिळाल्यावर रोख दिल्यास ५० जास्त, आधी भरल्यास नाही. महाराष्ट्रात घरपोच एकूण ५७९.’ शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. वाचकाला बेरीज करायला लावली की तो पहिला आकडाच लक्षात ठेवतो.

‘करासह’ हा शब्दही भरतीचा नाही. वस्तू आणि तिची पोच एकत्र विकली की पोचीच्या रकमेवर साधारणपणे वस्तूच्याच दराने जीएसटी लागतो. वस्तूवर १८ टक्के कर असेल आणि विक्रेत्याने जाहिरातीत कराविना ९० रुपये लिहिले, तर बिलात १०६ रुपये २० पैसे येतात. सोळा रुपये फार नाहीत, पण छापलेला आकडा खोटा ठरतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

सर्वांत जास्त घोळ ‘घरपोच खर्च ९० रुपयांपासून’ यातल्या ‘पासून’ने होतो. वाचक तो आकडा स्वतःचाच धरतो. प्रत्यक्षात तो सर्वांत हलक्या पार्सलचा आणि सर्वांत जवळच्या पत्त्याचा असतो. आकाशकंदिलात हा फरक किती मोठा होतो ते पाहण्यासारखे आहे. कुरिअर कंपन्या नुसते वजन पाहत नाहीत, खोक्याने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचे. काही कंपन्या त्याहून लहान आकड्याने भागतात, मग भार आणखी वाढतो. येणारा आकडा आणि खरे वजन यांतले जे जास्त, त्यावर भाडे. घडीचा कंदील ३५ × ३० × ४ सेंटिमीटरच्या पाकिटात बसतो: ४,२०० भागिले ५,०००, म्हणजे ०.८४ किलो. त्याचे एक किलोचे भाडे लागते. तोच कंदील तयार सांगाड्यासह ४० × ४० × ३० च्या खोक्यात घातला की ४८,००० भागिले ५,०००, म्हणजे ९.६ किलो. प्रत्यक्षात वजन अर्धा किलोसुद्धा नसते, पण भाडे जवळजवळ दहा किलोचे बसते.

म्हणून दोन्ही प्रकार एकाच जाहिरातीत असतील तर दोघांचा खर्च वेगळा छापावा: ‘घडीचा: ९०. सांगाड्याचा: ३२०, खोके मोठे असल्याने.’ कारण सांगितले की मोठा आकडाही ग्राहकाला पटतो. काही वेळा त्यामुळे तो आपणहून घडीचा कंदील घेतो, आणि विक्रेत्याच्या डोक्याचा तापही वाचतो. एकापेक्षा जास्त नग घेतल्यास काय, तेही लिहावे. घडीचे दोन कंदील एकावर एक ठेवले की उंची आठ सेंटिमीटर होते आणि आकडा १.६८ किलोवर जातो. म्हणजे ‘कितीही घ्या, खर्च एकच’ हे सरसकट लिहिता येत नाही. खर्च पत्त्यागणिक फारच बदलत असेल, तर निदान वरची मर्यादा द्यावी: ‘जास्तीत जास्त १६०’. जास्तीत जास्तचा आकडा वाचून कोणी फसत नाही.

दुसरी अडचण ‘५९९ च्या वर घरपोच मोफत’ या ओळीची. ग्राहक ६२० रुपयांची खरेदी करतो, दिवाळीचे दहा टक्के सवलतीचे कूपन लावतो, रक्कम ५५८ होते आणि गेलेले ९० रुपये परत येऊन बसतात. म्हणजे ६२ रुपयांच्या सवलतीपायी २८ रुपये जास्त. मर्यादा सवलतीच्या आधीची की नंतरची, हे त्याच ओळीत लिहायला हवे: ‘सवलत वजा जाता ५९९ च्या वर’. सांगाड्याचे कंदील या योजनेत नसतील तर तेही तिथेच, तळटीपेत नव्हे.

तळटीपेबद्दल थोडे जास्त. मराठी जाहिरातीखाली इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत अटी छापण्याची सवय अजून गेलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, खुलासा ज्या भाषेत दावा केला आहे त्याच भाषेत आणि त्याच अक्षरवळणात हवा, शिवाय सहज दिसेल अशा जागी हवा. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांत एकूण किंमत एका आकड्यात, आणि सोबत पोच, टपाल, हाताळणी व कर यांची फोड दाखवणे बंधनकारक आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या सूचनांत ज्या तेरा फसव्या पद्धती नोंदवल्या आहेत, त्यांत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे ही एक आहे. ग्राहकाने न निवडलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणे, हीही त्यांतलीच. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते; जाहिरातीचे कात्रण आणि पैसे भरायच्या पानाचा स्क्रीनशॉट दोन्ही जवळ असावेत, कारण तफावत दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसते.

जाहिरात छापायला देण्याआधी विक्रेत्याने एक तपासणी करावी, दहा मिनिटांचे काम आहे. स्वतःच्याच दुकानात ग्राहक म्हणून पैसे भरायच्या पानापर्यंत जायचे, तीन पिनकोड घालून: ४११०३० पुणे, ४४२६०५ गडचिरोली, ५९०००१ बेळगाव. एक जवळचा, एक राज्यातलाच पण लांबचा, एक राज्याबाहेरचा. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या नातेवाइकांना परस्पर वस्तू पाठवतात, त्यामुळे तिसरा विसरू नये. प्रत्येक वेळी एकदा आधी पैसे भरण्याचा पर्याय घ्यायचा, एकदा रोखीचा. सहा बेरजा होतात. त्यांतली एकही जाहिरातीच्या मजकुरावरून काढता आली नाही, तर मजकूर अपुरा आहे. लांबच्या पिनकोडला जादा भाडे निघाले तर ‘दुर्गम भागासाठी वेगळा दर’ असे मोघम न लिहिता रक्कम द्यावी, आणि क्यूआर कोड थेट अशा पानावर न्यावा जिथे पिनकोडचा रकाना वस्तूच्या चित्राशेजारीच आहे. नाव-पत्ता-मोबाइल भरून घेतल्यावर नव्हे.

एक चूक चांगल्या हेतूच्या विक्रेत्यांकडूनही होते. जाहिरात तीन आठवडे चालते आणि मधेच कुरिअरचा दर वाढतो. दुकानातला आकडा बदलला जातो, छापलेला तसाच राहतो. यावर उपाय म्हणजे मुदत छापणे, ‘हे दर अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरना’, आणि त्या तारखेपर्यंत वाढ झाली तरी फरक स्वतः सोसणे. परतीचा नियमही अर्ध्या ओळीत बसतो: ‘नापसंत असल्यास वस्तूचे पैसे परत, घरपोच खर्च नाही, तुटका आल्यास दोन्ही परत.’

आता आपल्याकडे मागणे. छोट्या जाहिरातींचे पैसे शब्दांवर मोजले जातात. विक्रेता मजकूर कापायला बसला की सर्वांत आधी घरपोच खर्चाचे शब्द जातात आणि ‘अटी लागू’ हे दोनच उरतात. आपल्या जाहिरात विभागाने अर्जात ‘घरपोच एकूण किंमत’ असा एक रकाना ठेवावा, आणि त्यातले सात-आठ शब्द निदान दिवाळीपर्यंत शब्दमोजणीतून वगळावेत. रकाना रिकामा असेल तर काउंटरवरच्या माणसाने फक्त एवढे विचारावे, की हा कंदील पुण्यात माझ्या दारात कितीला पडेल? उत्तर आले की ते अर्जावर लिहून घ्यावे आणि किमतीच्याच अक्षरात छापावे.

आपले,
लहान उद्योगांसाठी जाहिरात-मजकूर लिहिणारे वाचक
पुणे ३०