नॉमिनी नसलेली ठेव, लॉकर आणि सासूबाईंची सही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बँकांत पडून राहिलेल्या बेवारस ठेवींची बातमी आपल्या अंकात वाचली. दहा वर्षे कोणी न मागितलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, ती शोधायला पोर्टल आहे, हे सगळे बरोबर आहे. पण त्यातल्या बऱ्याच ठेवी कोणाला माहीतच नसतात असे नाही. घरच्यांना पावती कुठे ठेवली आहे हेही ठाऊक असते. काउंटरवर 'नॉमिनी नाही, कोर्टातून दाखला आणा' असे ऐकल्यावर माणूस पावती परत कपाटात ठेवतो. मी सांगलीत बँकेच्या नोकरीत आयुष्य काढले आहे, त्यामुळे हे वाक्य काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकले आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारच्या कुटुंबाचे उदाहरण देतो. गृहस्थ मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. दुसऱ्याचा हिशोब पैशापैशाला जुळवणारा माणूस, पण स्वतःच्या पावतीवर नॉमिनीचा रकाना कोरा. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ८ लाख ४० हजारांच्या ठेवी, त्याच शाखेत एकट्याच्या नावाचा लॉकर आणि एका नागरी सहकारी बँकेत व्याजासह ६ लाख २० हजार. मागे पत्नी, पुण्याला नोकरी करणारा मुलगा, इचलकरंजीला दिलेली मुलगी आणि तासगाव तालुक्यात धाकट्या मुलाकडे राहणारी वृद्ध आई. राष्ट्रीयीकृत बँकेने वहिनींना तोंडीच सांगितले, 'विजयनगरच्या कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा.' म्हणजे वकील, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि तारखा.

त्याची गरज नव्हती. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयी निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. त्याप्रमाणे नॉमिनी नसला, संयुक्त खातेही नसले, तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंतची रक्कम साध्या कागदांवर द्यायची आहे. कागद कोणते, तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावा करणाऱ्यांची ओळखपत्रे, त्यांनी लिहून दिलेला इंडेम्निटी बाँड, जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांची ना-हरकत आणि वारस कोण कोण याचा पुरावा. हा पुरावा म्हणून सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला चालतो किंवा त्या कुटुंबाला ओळखणाऱ्या, दाव्याशी संबंध नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाचे लेखी निवेदनही चालते. या मर्यादेत तिऱ्हाईत जामीनदार मागायचा नाही. वारसांत भांडण असेल किंवा कोर्टाचा मनाई हुकूम असेल तर मात्र ही सोपी वाट बंद, मग कोर्टच.

वहिनी दुसऱ्यांदा गेल्या त्या लेखी अर्ज घेऊन, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेऊन आल्या. या शिक्क्याला महत्त्व आहे, कारण सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक रेट'पेक्षा ४ टक्के जास्त दराने व्याज द्यावे लागते. तोंडी विचारणा केली तर हे १५ दिवस कधी सुरूच होत नाहीत. एखादा कागद कमी असेल तर कोणता, तेही लिहून मागावे. मुदत ठेव मोडावी लागली तरी मृत्यूच्या कारणाने मोडताना दंड कापत नाहीत.

अडले ते दोन ठिकाणी. पहिले नावात. ठेवीच्या पावतीवर 'बाळासो', मृत्यूच्या दाखल्यावर 'बाळासाहेब'. आपल्या जिल्ह्यात ही अडचण घरोघरी आहे. बापू, आप्पा, आण्णा सगळे कागदावर 'सो' लावून बसलेले असतात. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र आणि सोबत दोन्हीकडे जुळणारा आधार किंवा पॅन, एवढ्यावर ते मिटले.

दुसरे सासूबाईंच्या सहीत. अर्जात वारस म्हणून तिघांचीच नावे होती. पत्नी, मुलगा, मुलगी. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस असते. १९५६ च्या वारसा कायद्यात हे स्वच्छ लिहिले आहे, आणि तो कायदा जैन व लिंगायत कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे, याचे लोकांना नेहमी आश्चर्य वाटते. म्हणजे ८ लाख ४० हजारांचे चार वाटे, प्रत्येकी २ लाख १० हजार, आणि त्यातला एक गावाकडच्या आजींचा.

आजींचे नाव अर्जात गाळले तर काय होते? बहुतेक वेळा लगेच काहीच होत नाही, आणि तोच धोका आहे. इंडेम्निटी बाँडचा अर्थच असा की उद्या दुसरा वारस आला तर बँकेचे नुकसान सही करणाऱ्यांनी भरून द्यायचे. आजी गेल्यावर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे मयताच्या भावाबहिणींकडेही. ज्या दिराला या ठेवीत काही देणेघेणे नव्हते, तो एकाएकी हक्कदार होतो. म्हणून आजींची ना-हरकत त्या हयात असतानाच, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवून, अंगठा असेल तर साक्षीदारांसमोर घ्यावी. त्या हिस्सा सोडायला तयार नसतील तर त्यांना तो द्यावा. वहिनींच्या बाबतीत आजी म्हणाल्या, 'मला काय करायचाय पैसा, पोरांना द्या,' आणि अंगठा दिला. प्रत्येक घरात असे होईलच असे नाही, आणि तसे व्हावे म्हणून म्हातारीवर दबाव टाकणे तर मुळीच योग्य नाही.

आता लॉकर. इथे वकिलांकडूनही घोटाळा होताना मी पाहिला आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखालचे सक्सेशन सर्टिफिकेट हे येणे रकमा आणि रोखे यांच्यासाठी असते. बँकेतली ठेव हे बँकेकडून येणे आहे, पण लॉकरमधल्या पाटल्या आणि बोरमाळ हे कोणाकडून येणे नाही, ती वस्तू आहे. त्यामुळे ठेवीसाठी खर्च करून आणलेले सर्टिफिकेट लॉकरला उपयोगी पडत नाही. कोर्टाचाच कागद लागला तर आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला मिळतो, तो मागावा. तलाठ्याकडची सातबाऱ्यावरची वारस नोंद ही जमिनीच्या दप्तरापुरती असते. फेरफाराची नक्कल घेऊन लॉकर उघडायला येणारे लोक निराश होऊन परत जातात.

वारसांचे एकमत असेल तर लॉकरलाही कोर्ट लागत नाही. कागद जवळपास ठेवीचेच. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने पुढची कार्यवाही करून लॉकर उघडण्याची तारीख ठरवायची आहे. तिच्या बाजूने दिरंगाई झाली तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. ठरल्या दिवशी वारस, साक्षीदार आणि बँकेचे अधिकारी यांच्यासमोर उघडून यादी होते. किल्ली सापडत नसेल तर लॉकर फोडावा लागतो आणि त्याचा खर्च दावा करणाऱ्यांवर येतो, तेव्हा किल्ली आधी घरात नीट शोधावी. भाडे थकले असेल तर तेही भरावे लागेल.

यादीत बँक 'सोने' असे लिहीत नाही. 'पिवळ्या धातूच्या बांगड्या, ४ नग' असे लिहितात, कारण शुद्धतेची जबाबदारी त्यांना घ्यायची नसते. दागिना कोणाचा हेही लिहीत नाहीत. वहिनींच्या लग्नातले, माहेरहून आलेले सगळे दागिने त्याच लॉकरमध्ये होते. कायद्याने ते त्यांचे स्त्रीधन, त्यात सासूचा किंवा मुलांचा वाटा नाही. पण लॉकर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, म्हणून बँकेच्या कागदावर सगळेच मयताचे. घरात कुरबूर असती तर आपलेच मंगळसूत्र आपले आहे हे सिद्ध करायला त्यांना लग्नातले फोटो आणि सराफाच्या जुन्या पावत्या शोधाव्या लागल्या असत्या. वारसांनी यादीच्या दिवशीच आपसात वेगळा कागद करून कोणता दागिना कोणाचा हे लिहून सह्या केल्या तर पुढचा त्रास वाचतो. वहिनींनी तसे केले.

ठेव आणि लॉकर सुटले, सहकारी बँकेचे ६ लाख २० हजार मात्र अजून अडकले आहेत. कारण सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख आहे. तेच कुटुंब, तेच चार वारस, रक्कम उलट कमी. पण मर्यादेच्या वर गेल्यामुळे बँक कोर्टाचे दाखले किंवा जास्तीचे पुरावे आणि शिवाय जामीनदार मागू शकते, आणि या बँकेने ते मागितले आहेत. सांगली जिल्ह्यात हळद-बेदाण्याचा व्यापारी, शिक्षक, कारखान्याचा कामगार यांची बचत सहकारी बँकेतच असते, त्यामुळे या ५ लाखांच्या रेषेचा फटका इथे जास्त बसतो. ही रेषा किमान आहे. संचालक मंडळाला ती वाढवता येते, रिझर्व्ह बँकेने तशी मुभा ठेवली आहे. लाभांश अर्धा टक्का कमी झाला तर वार्षिक सभेत आपण तासभर भांडतो. आपल्या बँकेची मृत ठेवीदारांसाठीची मर्यादा किती, आणि ती का वाढवलेली नाही, हा प्रश्न सभासदांनी या वर्षीच्या सभेला लेखी पाठवावा. पतसंस्थांना तर रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागूच नाहीत. तिथे सहकार कायदा आणि संस्थेचे पोटनियम चालतात, म्हणून त्यांच्या पोटनियमांची प्रत आधी मागावी.

एक गोष्ट राहिली. मृत्यूनंतर दोन-चार दिवसांत मुले वडिलांच्या एटीएम कार्डाने पैसे काढतात, दिवसकार्याचा खर्च असतो, मी समजू शकतो. पण खातेदार गेल्यावर ते पैसे सगळ्या वारसांचे झालेले असतात. पुढे बहीण किंवा काकाने हरकत घेतली की एकमताचा दावा तिथेच वादाचा होतो आणि सोपी वाट बंद पडते. खर्च घरातून करावा, पावत्या ठेवाव्यात आणि बँकेला मृत्यूची सूचना लगेच द्यावी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
विश्रामबाग, सांगली