डायलिसिसच्या दोन पाळ्यांमधला वेळ

संपादक महोदय,

डायलिसिसच्या सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा पाळ्या आखताना केवळ चार तासांचे सत्र मोजले जाते, हे आईसोबत केंद्रात बसताना मी वारंवार पाहिले आहे. सकाळी सातचे सत्र अकराला संपते. पण यंत्रातील रक्त शरीरात परत देणे, सुया काढणे आणि रक्तस्राव थांबेपर्यंत ती जागा दाबून धरणे यांत वीसेक मिनिटे जातात. रुग्ण उठल्यावरच खुर्ची व यंत्र बाहेरून पुसता येते आणि आतील निर्जंतुकीकरणाला, पद्धतीनुसार, आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. त्यासाठी रसायन वापरले असेल, तर त्याचा अंश उरलेला नाही हे चाचणीपट्टीने तपासल्याशिवाय पुढचा रुग्ण जोडणे धोक्याचे आहे. नव्या नळ्या लावून त्या सलाइनने भरायच्या, ते वेगळेच. म्हणून दुपारची पाळी साडेबाराच्या आधी लावू नये. ती साडेअकराला लावली, की उशीर साचत जातो आणि संध्याकाळच्या रुग्णाचे सत्र साडेतीन तासांत आटोपले जाते; मग शरीरातले पाणी घाईने काढल्याने त्याचा रक्तदाब घसरतो, पायांत गोळे येतात. प्रत्येक पाळीत रुग्णांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने बोलावल्यास परिचारिकांनाही स्वच्छतेत घाई करावी लागणार नाही.

– एका रुग्णाची मुलगी